पानं झडलेलं सीताफळ झोपलंय की गेलंय? डोळ्याचा फोटो आणि सालीची खरवड

फेब्रुवारी अर्धा सरला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. गच्चीवरचा अर्धा ड्रम, त्यात राखाडी काटक्यांचा सांगाडा आणि खाली तीन शब्द: "हे गेलं का?" दहांतल्या सात-आठ फोटोंत झाड सीताफळाचं असतं. ठाणे-नवी मुंबईकडे गच्चीवर सीताफळ हौसेनं लावलं जातं आणि याच झाडाला दरवर्षी या दिवसांत उगाच मारलंही जातं. झाड मेलं समजून कुणी उपटून टाकतं. त्याहून जास्त लोक ते वाचवायला म्हणून रोज बादलीभर पाणी आणि ओंजळभर खत घालतात, आणि जे नुसतं झोपलेलं होतं ते महिनाभरात खरंच मरतं.

म्हणून आधी हे पक्कं लक्षात घ्या की सीताफळ हे पानगळीचं झाड आहे. डिसेंबर-जानेवारीपासून पानं पिवळी पडायला लागतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत झाड जवळजवळ उघडं होतं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे झोपायचं कारण थंडीपेक्षा कोरडेपणा हे जास्त असतं. मार्चमध्ये येऊरच्या बाजूला चक्कर मारली तर सावर, पांगारा, पळस अंगावर एक पान नसताना फुललेले दिसतात, तसंच हे. सासवड-पुरंदरकडचे सीताफळवाले शेतकरी तर मुद्दाम पाणी तोडून बागेला ताण देतात आणि नंतर पाणी सुरू करून बहार धरतात. म्हणजे ज्या अवस्थेला आपण घाबरतो ती शेतकरी पैसे मिळवण्यासाठी आणवतात. लिंबू, पेरू किंवा जास्वंद जानेवारीत पूर्ण उघडं पडलं तर मात्र ते झोपलेलं नाही, आजारी आहे. हा लेख त्या झाडांसाठी नाही.

पानं गेली कशी, हे आधी विचारा

खरवडण्याच्या आधीचा प्रश्न हा आहे, आणि तो बहुतेक जण विचारतच नाहीत. पानं गळून पडली की फांदीवरच वाळून लटकली?

पान गळणं हे जिवंत फांदीचं काम आहे. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो, तो सुटतो आणि पान अलगद खाली येतं. जागेवर स्वच्छ, बंद झालेला वण राहतो. फांदी अचानक मेली, म्हणजे मूळ कुजलं, खोड पोखरलं किंवा कडक उन्हात कुंडी पार सुकली, तर हा थर तयार करायला फांदी शिल्लकच नसते. मग पानं तपकिरी होऊन, चुरगळून तिथेच लोंबत राहतात. ओढली तर सालीचा तुकडा घेऊन निघतात. त्यामुळे ड्रमभोवती पिवळी पानं पडली होती असं कुणी सांगितलं की माझा निम्मा जीव भांड्यात पडतो. 'पानं अजून लटकलीयत पण करपलीयत' असं ऐकलं तर त्या फांदीची आशा मी कमी धरतो, पूर्ण झाडाची मात्र लगेच नाही.

सीताफळाच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. बहुतेक झाडांत नव्या फुटीचा डोळा पानाच्या बगलेत, देठ आणि फांदीच्या बेचक्यात उघडा दिसतो. सीताफळात तो देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो, टोपी घातल्यासारखा. पान असेपर्यंत डोळा दिसतच नाही, आणि देठ गळल्याशिवाय त्याला फुटायला वाटही नसते. म्हणून या झाडाची पानगळ ही नव्या पालवीची आधीची पायरी आहे. पान गळलं की घोड्याच्या नालासारखा एक वण दिसतो आणि त्या नालाच्या मधोमध तो डोळा.

डोळ्याचा फोटो

या डोळ्यावर तांबूस-तपकिरी मखमली लव असते. समोरून फोटो काढला तर एक तपकिरी ठिपका येतो आणि बघणारा म्हणतो, काळा पडलाय, मेला. लोकांची सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. रंगावरून सीताफळाच्या डोळ्याचा निवाडा करू नका; त्याचा जिवंतपणीचा रंगच सुकल्यासारखा असतो. बघायचा तो आकार, आणि आकार दिसतो बाजूने.

फांदी आडवी धरा, म्हणजे डोळा आकाशाच्या बाजूला कडेला दिसेल, आणि मागे पांढरा कागद लावा. आता त्या नालाच्या काठाशी डोळ्याची तुलना करा. जिवंत डोळा काठाच्या वर घुमटासारखा उठलेला असतो, भरीव, लव एका दिशेला बसलेली. मेलेला डोळा काठाच्या खाली बसलेला असतो, खळग्यात पडलेल्या वाळक्या मोहरीसारखा. लव विस्कटलेली आणि राखाडी. टूथपिकच्या टोकाने हलकेच बाजूला ढकललं तर जिवंत डोळा हलत नाही, मेलेला टपकन पडतो. खात्री होत नसेल तर एखादा डोळा बळी द्या: ब्लेडने उभा चिरा. आत हिरवट, ओलसर दिसलं तर तो जिवंत होता. आत तपकिरी भुगा असेल तर नव्हता. एका झाडावर शंभर डोळे असतात, एक गेल्याने काही बिघडत नाही. शिवाय सीताफळाच्या एकाच पेरावर मुख्य डोळ्याशेजारी राखीव डोळेही असतात, त्यामुळे एक मेला म्हणून ते पेर संपलं असं नाही.

फोटो काढताना मोबाइल डोळ्याला चिकटवू नका. फार जवळ गेलं की फोकस मागच्या भिंतीवर जातो. वीतभर लांब राहून दोनपट झूम करा आणि स्क्रीनवर डोळ्यावरच बोट टेकवा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो कडा पुसून टाकतो, आणि आपल्याला नेमकी कडाच हवी असते. फ्लॅशने लव पांढरी दिसते, तेव्हा फोटो सकाळी आठ-नऊच्या तिरप्या उजेडात घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तपशील दाबला जातो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: एका फोटोवरून निकाल लागत नाही. ज्या डोळ्याचा फोटो काढला त्याच्या खालच्या पेराला रंगीत दोरा बांधा. बारा-चौदा दिवसांनी त्याच डोळ्याचा, त्याच अंतरावरून, त्याच कागदासमोर दुसरा फोटो काढा. दोन्ही शेजारी ठेवले की झोपलेलं आणि मेलेलं यांतला फरक आपोआप कळतो. झोपलेला डोळा एक तर तसाच राहतो किंवा फुगतो. तो आत बसत नाही. दर पंधरवड्याला आणखी आक्रसत जाणारा डोळा हा मरणारा डोळा.

खरवड: किती, कुठे, आणि ती काय सांगत नाही

खरवड सगळ्यांना माहीत असते. नखाने साल काढायची, हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर मेलं. यात खोटं काही नाही, पण ही अर्धीच गोष्ट आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात झाडं जातात.

कोवळ्या फांदीच्या राखाडी सालीखाली हिरवा थर असतो, त्यात पानांतलंच हरितद्रव्य असतं. पेशी जिवंत आहेत तोवर तो ओला आणि हिरवा राहतो. पेशी मेल्या की आधी पिवळट-शेवाळी होतो, मग तपकिरी, आणि शेवटी कोरडा, पुठ्ठ्यासारखा. म्हणून रंगाबरोबर ओलही बघा. बोटाच्या टोकाला गार, ओलसर लागणं हीसुद्धा खूणच आहे. बुंध्याजवळच्या जाड सालीत हिरवं फार कमी असतं. तिथे खाली फिकट, साईच्या रंगाचा ओलसर थर दिसला तर तोही जिवंतच. 'हिरवं नाही दिसलं' म्हणून बुंधा मेला असं ठरवू नका.

खरवडीचा आकार गव्हाच्या दाण्याएवढा पुरतो. फक्त वरची पातळ साल काढायची, लाकडापर्यंत जायचं नाही. नख चालतं, ब्लेड असेल तर स्पिरिटने पुसून घ्या. ओरखडा फांदीच्या लांबीच्या दिशेनं घ्या, आडवा गोल फिरवू नका, कारण सगळीकडून साल निघाली तर फांदीचं पोषण तिथेच तुटतं. खरवडल्यावर लगेच बघा आणि लगेच फोटो काढा. बऱ्याच झाडांत उघडा झालेला जिवंत थरही हवेने काही मिनिटांत तांबूस पडतो आणि अर्ध्या तासाने काढलेल्या फोटोत तो मेल्यासारखा दिसतो.

आता ती काय सांगत नाही ते. खरवड त्या एका जागेचं, त्या एका दिवसाचं उत्तर देते. शेंड्याला तपकिरी आलं तर झाड मेलं असं ठरत नाही, कारण सीताफळाची शेंड्याची वीतभर काडी उन्हाळ्यात सुकणं नेहमीचं आहे. आणि मधल्या फांदीला हिरवं आलं तर झाड जिवंत असंही ठरत नाही. छाटलेली फांदी पाण्याच्या बादलीत ठेवली तरी कित्येक दिवस तिची साल हिरवी निघते, तिला मूळ नाही तरी. कुजलेल्या मुळांवर उभं असलेलं झाड काही आठवडे तशीच छाटलेली फांदी असतं. म्हणून शेंड्यापासून खाली येत खरवडायचं आणि शेवटची खरवड मातीला लागून, खोडाच्या चारही बाजूंनी घ्यायची. तीच निर्णायक असते.

नेरूळचं झाड

यंदा ९ मार्चला नेरूळहून आमच्या वहिनींचा फोटो आला. अर्ध्या ड्रममधलं चार वर्षांचं सीताफळ, बाळानगर जातीचं कलम, छातीपर्यंत उंच, तीन मुख्य फांद्या. "भाऊजी, हे गेलं वाटतं. नखाने बघितलं, तपकिरी आहे. आता काढून टाकायचं का?"

"वहिनी, नख कुठे लावलंत?"

"शेंड्याला. हात पोचतो तिथे."

पानांचं विचारलं तर म्हणाल्या, जानेवारीभर रोज सुपलीभर पिवळी पानं झाडत होते. दोन फांद्यांची सगळी गळली. तिसरी, पश्चिमेची, तिच्यावर मात्र करपलेली पानं अजून अडकली होती. हे एवढं ऐकल्यावर मला अर्धं चित्र दिसलं. दोन फांद्यांनी पानं स्वतः टाकली होती, तिसरी टाकण्याआधीच गेली होती.

मी त्यांना वरच्यासारखे बाजूने फोटो काढायला लावले. पहिल्या खेपेला मागची पाण्याची टाकी सुंदर फोकसमध्ये आली, दुसऱ्या खेपेला डोळे आले. पहिल्या फांदीच्या मध्यावरचा डोळा नालाच्या काठाच्या वर स्पष्ट उठलेला होता. दुसरीचाही, थोडा कमी. तिसरीच्या तीनही फोटोंत खळगेच होते, आणि एक डोळा तर फोटो काढताना बोट लागून पडला.

मग खरवड. पहिली फांदी: शेंड्याला वीतभर तपकिरी, तिथून खाली पोपटी आणि ओलं. दुसरी: चार बोटं तपकिरी, मग हिरवं. तिसरी: वरपासून जोडापर्यंत तपकिरी आणि कोरडी, फक्त जोडाजवळ शेवाळी रंगाचा ओलसर पट्टा. इथपर्यंत ऐकून वहिनी खूश झाल्या, दोन फांद्या तर जिवंत निघाल्या. मी म्हटलं, आता बुंधा बघा.

बुंध्याभोवती त्यांनी नारळाच्या शेंड्यांचा जाड थर घातला होता, तो बाजूला करायला लावला. खालची साल ओली, काळपट. तीन बाजूंनी खरवडल्यावर साईचा रंग आला. पश्चिमेच्या बाजूला, बरोबर मेलेल्या फांदीच्या खाली, दोन बोटं रुंद तपकिरी डाग होता, दाबला तर किंचित मऊ. माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत चिकट ओली, आणि वास आंबूस. "पाणी किती घालता?" "रोज एक बादली. पानं गेली म्हणून वाढवलं ना."

झाड जागं होतं तेव्हा ती बादली पानांवाटे उडून जात होती. पानं नसलेलं झाड पाणी जवळजवळ पीतच नाही. तेच पाणी ड्रममध्ये साचून राहिलं, मुळांना हवा मिळेना, आणि ओल्या शेंड्यांच्या गादीखाली सालीला कूज लागली. झाड झोपलेलं होतं हे खरंच. पण त्याची एक बाजू मरायलाही लागली होती. झोपलेलं की मेलेलं या प्रश्नाचं उत्तर कधीकधी 'दोन्ही' असं येतं, आणि म्हणून एका जागी नख लावून भागत नाही.

केलं ते इतकंच. शेंड्या काढून बुंधा उघडा ठेवला. ड्रमखाली विटा सरकवून तळाची भोकं मोकळी केली. त्यातली दोन मातीने बंद झाली होती, ती सळईने उघडली. पाणी बंद, माती वरून दोन पेरं खणखणीत कोरडी होईपर्यंत. त्याला अकरा दिवस लागले. डागावरची मऊ साल चाकूने कडेच्या निरोगी भागापर्यंत काढली, बुरशी रोखणारं बोर्डो मलम लावलं. तिसरी फांदी जोडाच्या थोडी वर कापली. आतलं लाकूड तपकिरी दिसलं, म्हणून आणखी बोटभर खाली, फिकट लाकूड लागेपर्यंत. खत शून्य. वहिनींना खत न घालणंच सगळ्यांत जड गेलं. पण मुळं दुखावलेली असताना खताचे क्षार त्यांना आणखी भाजतात, आणि डोळे फुटल्याशिवाय झाडाला त्याचा उपयोगही नसतो.

२२ मार्चला दोरा बांधलेल्या डोळ्यांचा दुसरा फोटो आला. पहिल्या फांदीचा डोळा जवळजवळ दुप्पट उंच, लवेच्या फटीतून पोपटी टोक. दुसऱ्या फांदीचा जसा होता तसा. वहिनींना तो मेल्यासारखा वाटला, पण दोन फोटो शेजारी ठेवल्यावर तो आत बसलेला नव्हता, म्हणून थांबलो. ६ एप्रिलला पहिल्या फांदीवर नखाएवढी पानं होती आणि दुसरीचे डोळे फुगायला लागले होते. बुंध्यावरचा डाग वाढला नव्हता, त्याच्या कडेची साल कोरडी आणि घट्ट झाली होती. तेव्हा पाणी आठवड्यातून दोनदा सुरू केलं, आणि पानं तळहाताएवढी झाल्यावर दोन मुठी शेणखत.

डाग बुंध्याच्या चारही बाजूंनी फिरला असता तर मी त्यांना वरच्या हिरव्या सालीवर विसंबून थांबायला सांगितलं नसतं. तेव्हा झाड ड्रममधून काढून मुळं बघणं एवढंच उरतं. जिवंत मूळ फिकट आणि कडक असतं. मेलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की त्याची साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात नुसता धागा राहतो.

चाफ्याला हा नियम जसाच्या तसा लावू नका

सीताफळानंतर सर्वांत जास्त विचारणा चाफ्याची असते, आणि तिथे मी स्वतः एक झाड जवळजवळ गमावलं आहे. घोडबंदर रोडवरच्या आमच्या बाल्कनीत पांढरा चाफा होता, कुंडीखाली ताटली. डिसेंबरात पानं गेली. मी दर महिन्याला वरच्या फांदीला बारीक ओरखडा घ्यायचो, चीक यायचा, खाली हिरवं दिसायचं, आणि मी निश्चिंत व्हायचो. मे महिन्यात एका वाऱ्याच्या दिवशी झाड कललं. सरळ करायला गेलो तर मातीच्या पातळीवर अख्खं खोड हातात आलं. बुडाचा लगदा झाला होता. वरचा भाग मात्र अजून टणक होता.

चाफ्याच्या खोडात पाणी साठलेलं असतं, त्यामुळे मुळाशिवायही त्याची फांदी महिनोन् महिने जिवंत राहते. म्हणून तर चाफा फांदीवरून लावता येतो. त्याला खरवडून विचारलेला प्रश्न चुकीच्या जागी विचारलेला असतो. चाफ्याला अंगठ्याने दाबा, तेही बुडाशी, मातीच्या जरा खाली. सुरकुतलेला पण टणक असेल तर तो फक्त तहानलेला, झोपलेला. मऊ लागला, दाबल्यावर खड्डा राहिला, तर कूज आहे, वर कितीही चीक असो. डोळ्याचा फोटो घ्यायचा तर फांदीच्या टोकाचा घ्या: जिवंत टोक घट्ट मिटलेल्या चोचीसारखं असतं, मेलेलं काळं आणि पोकळ. टोक काळं पडलं तरी खालून दोन-तीन फुटवे येऊ शकतात, त्यामुळे ते एकटं निर्णायक नाही. चीक डोळ्यांत किंवा अंगावर जाऊ देऊ नका, जळजळतो.

माझा चाफा तुटल्यावर मी वरचा भाग थोडा थोडा कापत गेलो, आतलं गर पूर्ण पांढरं, एकही तपकिरी ठिपका नसलेलं येईपर्यंत. दोन आठवडे सावलीत उभा ठेवून कापलेली जागा सुकवली आणि भुसभुशीत, रेतीमिश्रित मातीत लावला. आज बाल्कनीत आहे तो हाच. फेब्रुवारीत बुडाला एकदा अंगठा लावला असता तर अख्खं झाड वाचलं असतं.

वाट किती बघायची

झोपलेल्या सीताफळाला मार्चच्या उन्हात अर्ध्या ड्रमला आठ-दहा दिवसांतून एकदा, तांब्या-दोन तांबे पाणी पुरतं, आणि तेही बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच. अगदी कोरडंठाक ठेवायचं असं नाही. शेतातल्या झाडाची मुळं खोल जातात, ड्रममधलं झाड तसा ताण सोसू शकत नाही.

आपल्याकडे सीताफळ साधारण मार्च-एप्रिलपासून फुटायला लागतं. सावलीतलं, उत्तरेच्या बाल्कनीतलं झाड उशीर करतं. त्यामुळे एप्रिल कोरडा गेला तरी बुंधा जिवंत असेल तर ड्रम रिकामा करू नका. मुंबई-ठाण्यात पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो. पहिल्या सरींनंतर दोन-तीन आठवड्यांत फुटलं नाही आणि बुडाला चारही बाजूंनी तपकिरी, कोरडं लागलं, तर ते झाड गेलं. बुंध्याची खरवड मात्र पावसाआधीच उरकून घ्या. पावसाळ्यात प्रत्येक ताज्या ओरखड्यातून बुरशीला वाट मिळते.

झाड कलमाचं असेल तर आणखी एक जागा बघायची राहते. बुडापासून वीतभरावर खोडाला जिथे गाठ किंवा तिरका वण दिसतो तो कलमाचा जोड. त्याच्या वर सगळं तपकिरी आणि खाली हिरवं असेल, किंवा धुमारे फक्त जोडाच्या खालून येत असतील, तर झाड जिवंत आहे, पण तुम्ही विकत आणलेली जात गेली आहे. खालचा भाग बियांच्या रोपाचा असतो. त्याला फळं येतील, पण तीच येतील याचा भरवसा नाही. तो खुंट ठेवून पुढच्या हंगामात त्यावर नव्यानं कलम करून घेता येतं. जोडाच्या वर एक जरी डोळा उठलेला असेल तर मात्र खालचे धुमारे येतील तसे खुडत राहा, नाहीतर ते सगळं बळ खेचून घेतात आणि वरचा डोळा फुटायचा राहून जातो.